सव्वा तासाची मुलाखत, आठ क्लिप: क्लिपिंगचं काम, दर आणि मुदत कशी ठरवायची

लांब व्हिडिओतून उभ्या क्लिप काढून देण्याचं काम सुरू करणारे बहुतेक जण दर ठरवतात तो क्लिपच्या लांबीवरून. पाऊण मिनिटाची क्लिप आहे, मग किती मागायचे, शंभर? ग्राहकाचाही हाच हिशेब असतो. "दादा, एवढ्याशा तुकड्याचे एवढे पैसे कशाचे?" हा प्रश्न लातूरला विचारतात, बीडला विचारतात आणि संभाजीनगरलाही विचारतात. याचं खरं उत्तर असं की तो तुकडा सापडण्याआधी कुणीतरी सव्वा तास कान देऊन ऐकलेलं असतं, आणि विकत घ्यायची वस्तू ते ऐकणं हीच आहे. कापणं महिनाभरात कुणालाही येतं. कुठून कापायचं, हे ओळखण्याचे पैसे मिळतात. दर, मुदत, दुरुस्त्या हे सगळं या एका गोष्टीवर उभं राहतं, म्हणून इथे एकच मुलाखत घेऊन सुरुवातीपासून पैसे खात्यावर येईपर्यंत जाऊ.

मुलाखत अशी धरा. परभणीकडचं एक शेतीविषयक चॅनेल आहे. महिन्याला चार पॉडकास्ट निघतात. मे महिन्यात एका निवृत्त कृषी शास्त्रज्ञांना बोलावलंय आणि विषय आहे सोयाबीनची पेरणी. लांबी सव्वा तास, दोन माणसं सोफ्यावर, एक कॅमेरा समोर. मराठवाड्यात अशी कामं बरीच सापडतात, आणि यात क्लिपिंगच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र येतात.

ग्राहक कुठे आणि कसा शोधायचा

आधी यूट्यूबवर बसा आणि चाळीस मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ नियमित टाकणारी मराठी चॅनेलं शोधा. आपल्याकडे त्यांचे साधारण चार गट दिसतात: शेतीविषयक मुलाखती, लातूर-नांदेडच्या क्लासेसचे शिक्षक, आरोग्यावर बोलणारे डॉक्टर आणि कीर्तनकार. प्रत्येक चॅनेलचं शॉर्टचं पान उघडून बघा. ते रिकामं असेल, किंवा आडवाच व्हिडिओ वर-खाली काळ्या पट्ट्या लावून टाकलेला असेल, तर तिथे तुमचं काम आहे. चांगल्या क्लिप आधीच रोज पडत असतील तर ते चॅनेल सोडा, त्यांच्याकडे माणूस आहे.

मग अशा एकाच चॅनेलचा एक पूर्ण भाग ऐका आणि त्यातून दोन नमुना क्लिप करा. दोनच. एका क्लिपवर तो योगायोग वाटू शकतो, दुसरीतून तुमची नजर कळते, आणि पाच फुकट केल्या की समोरच्याला तुमची किंमत फुकट वाटायला लागते. या क्लिप स्वतःच्या पानावर टाकू नका. व्हिडिओ त्यांचा आहे आणि परवानगी अजून मिळालेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण गॅलरीतून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. गॅलरीतून गेलेला व्हिडिओ दाबला जातो आणि तुमचं काम धुरकट दिसतं. सोबतचा निरोप छोटा ठेवा:

"नमस्कार सर. तुमचा हळदीवरचा भाग पूर्ण ऐकला. त्यात बेणेप्रक्रियेबद्दल पाहुणे जे बोलले ते ३१ व्या मिनिटाला आहे, तिथपर्यंत बरेच जण पोचत नसतील. त्या भागाच्या दोन उभ्या क्लिप करून पाठवतोय. आवडल्या तर वापरा, पैसे नकोत. पुढच्या भागाच्या क्लिप करायच्या असतील तर दर सांगतो."

या निरोपातलं वजन "३१ व्या मिनिटाला" या शब्दांत आहे. ते वाचून सरांना कळतं की या पोराने खरंच ऐकलंय. "आम्ही तुमचं चॅनेल वाढवून देऊ" असे निरोप त्यांना रोज येतात आणि ते उघडतही नाहीत. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, त्यानंतर पुढच्या चॅनेलकडे वळा.

कीर्तनकारांच्या बाबतीत एक गोष्ट आधी विचारा: चित्रीकरण कुणाचं? पुष्कळदा महाराजांचं कीर्तन गावच्या सप्ताहात होतं आणि चित्रीकरण करणारं चॅनेल तिसरंच असतं. महाराजांनी होकार दिला म्हणून त्या चॅनेलचा व्हिडिओ कापता येत नाही. दोघांचा होकार हवा. शिवाय कीर्तनात चाली असतात, मागे वाजणारं ध्वनिमुद्रित संगीत असतं. यूट्यूबने १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्टची मर्यादा तीन मिनिटांपर्यंत नेली खरी, पण एका मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं संगीत-व्हिडिओ आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा लागला तर तो शॉर्ट सगळीकडे बंद होतो. म्हणून कीर्तनातला गाण्याचा भाग न घेता बोलण्याचा, दृष्टांताचा भाग घेतलेला बरा.

आधी आवाज मागवा, व्हिडिओ नंतर

काम मिळालं की नवशिका पहिली चूक करतो ती "पूर्ण फाइल पाठवा" म्हणण्याची. सव्वा तासाचा फोर-के व्हिडिओ ४० मेगाबिट प्रतिसेकंदाने साठवलेला असेल तर तो सुमारे साडेबावीस जीबी होतो. दहा मेगाबिटच्या अपलोडवर तो चढवायला पाच तास लागतात, आणि मध्ये लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. तालुक्याच्या गावाला, मोबाइलच्या नेटवर, हे काम दोन-दोन दिवस लटकतं.

त्याऐवजी ग्राहकाकडून फक्त आवाजाची फाइल मागवा. सव्वा तासाचा आवाज साध्या एमपी-थ्रीमध्ये सत्तर-पंचाहत्तर एमबीत मावतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटांत येतो. तुम्ही तो ऐका, जागा ठरवा आणि त्या जागांच्या वेळा परत पाठवा. ग्राहकाकडे संगणक सांभाळणारा माणूस असेल तर त्याच्याकडून तेवढेच तुकडे कापून घ्या. त्यासाठी एफएफएमपेग हे फुकट साधन पुरतं:

```
ffmpeg -ss 00:13:55 -to 00:15:30 -i mulakhat.mp4 -c copy tukda01.mp4
```

यात `-c copy` असल्यामुळे व्हिडिओ पुन्हा बनत नाही, नुसता वेगळा निघतो. त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम काही सेकंदांत होतं. मात्र या पद्धतीत काप अगदी सांगितलेल्या सेकंदावर बसत नाही, थोडा आधीच्या चौकटीपासून सुरू होतो. म्हणून दोन्ही बाजूंना दहा-दहा सेकंद जास्तीचे मागा. आठ तुकडे, प्रत्येकी साधारण दीड मिनिट, म्हणजे बारा मिनिटांचा व्हिडिओ. तो साडेतीन जीबीच्या आसपास भरतो आणि त्याच नेटवर पाऊण तासात येतो. जुना लॅपटॉप असेल तर सव्वा तासाच्या फाइलपेक्षा असे छोटे तुकडे त्यावर हाताळायला सोपे जातात.

मूळ फाइलच हवी, यूट्यूबवरून उतरवलेली नको, हे ग्राहकाला समजावून सांगा. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचा व्हिडिओ उतरवला तरी तो जास्तीत जास्त ७२०पी मिळतो, आणि उभ्या क्लिपला तो पुरत नाही. का, ते पुढे चौकटीच्या भागात येईल.

ऐकणं

पहिल्यांदा ऐकताना काहीच कापू नका. वही घ्या, वेळ लिहा आणि शेजारी दोन-चार शब्द. वेग सव्वापट ठेवला तर चालतो, त्यापेक्षा जास्त नको. बोलणाऱ्याचा सूर बदलतो, तो थांबतो, हसतो, आवाज खाली आणतो, त्या जागा दीडपट-दुप्पट वेगात निसटतात.

क्लिप होण्यासारखी जागा ओळखायची माझी कसोटी एकच आहे. मुलाखत न ऐकलेल्या माणसाला तो तुकडा एकट्याने कळतो का, आणि तो संपल्यावर त्याच्या हातात काही राहतं का? आपल्या मुलाखतीत चौदाव्या मिनिटाला अशी जागा आहे. शास्त्रज्ञ सांगतात:

"आता बघा, आपण घरचं बियाणं ठेवतो, चांगलंच आहे ते, खर्च वाचतो. तर मी काय म्हणत होतो... हां. उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, ओल टिकवा. आठवडाभरात उघडून मोजा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं. आता आमच्या वेळी काय व्हायचं... ते जाऊ द्या. सत्तरच्या खाली उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा."

हे मूळ बोलणं, मधल्या थांब्यांसह आणि वगळलेल्या गप्पांसह, सव्वा मिनिटाचं आहे. पहिली दोन वाक्यं गाळा. "उगवण तपासल्याशिवाय पेरू नका" इथून सुरू करा. "तर मी काय म्हणत होतो" आणि "आमच्या वेळी" काढा. पंचेचाळीस सेकंदांची क्लिप होते आणि पहिल्या तीन सेकंदांत शेतकऱ्याला कळतं की हे आपल्या कामाचं आहे.

आता यातला धोका बघा. "एकरी तीस किलो बियाणं पुरतं" हे वाक्य ठसठशीत आहे, टाळीचं आहे, आणि क्लिप तिथेच संपवावीशी वाटते. तसं केलं तर साठ टक्के उगवणारं बियाणं तीस किलोच पेरणारा माणूस विरळ पीक बघत बसेल. अट कापली की सल्ला खोटा होतो. तसंच पुढे बाविसाव्या मिनिटाला पाहुणे म्हणतात, "पहिला पाऊस पडला की लोक म्हणतात, पेरून टाका." त्यानंतर चार वाक्यांनी येतं, "पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका." क्लिप पहिल्या वाक्यावर कापली तर शास्त्रज्ञांच्या तोंडी नेमका उलटा सल्ला जातो, आणि दुबार पेरणी म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. म्हणून शेती, औषधं, पैसा आणि कायदा या विषयांच्या क्लिपला माझा नियम कडक आहे. जिथे "पण", "मात्र", "फक्त", "जर" येतं, ते वाक्य क्लिपमध्ये असलंच पाहिजे. ते बसत नसेल तर क्लिप लांबवा, आणि लांबवूनही बसत नसेल तर ती जागा सोडून द्या.

वाक्यांचा क्रम बदलायचा मोह होतो. शेवटचं दमदार वाक्य आधी आणणं एकवेळ ठीक आहे, जर ते नंतर आपल्या जागीही येत असेल. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं जोडून एक वाक्य तयार करणं मात्र कधीच नको. ते पाहुण्याने म्हटलेलंच नसतं.

सव्वा तासातून किती क्लिप निघतात? चांगल्या पाहुण्याच्या मुलाखतीत मला दहा-बारा जागा मिळतात, त्यातल्या सात-आठ टिकतात. ग्राहकाने वीस मागितल्या तर स्पष्ट सांगा की उरलेल्या बारा भरतीच्या होतील आणि त्या चॅनेललाच मागे खेचतील.

चौकट आणि अक्षरं

उभी क्लिप १०८० बाय १९२० पिक्सेलची असते. साध्या फुल एचडी व्हिडिओची उंची १०८० असते. त्यातून उभी पट्टी काढली तर तिची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल भरते आणि ती पावणेदोन पटींहून जास्त ताणावी लागते. चेहरा मऊ दिसायला लागतो. फोर-केतून तीच पट्टी १२१५ पिक्सेल रुंद मिळते, म्हणजे ताणायची गरजच नाही. म्हणून ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा की चित्रीकरण फोर-केत ठेवा, शेवटचा आडवा व्हिडिओ फुल एचडीत गेला तरी हरकत नाही. या एका बदलाने क्लिपचा दर्जा जेवढा सुधारतो तेवढा कुठल्याही फिल्टरने सुधारत नाही.

सोफ्यावरची दोन माणसं एका उभ्या पट्टीत मावत नाहीत. पट्टी बोलणाऱ्यावर ठेवा. दुसरा बोलू लागला की पट्टी सरकवू नका, सरळ काप देऊन त्याच्यावर न्या. सरकणारी चौकट डोळ्याला त्रास देते. प्रश्न-उत्तर झटपट चाललं असेल तर पडदा वर-खाली दोन भागांत वाटा, एकात पाहुणे, दुसऱ्यात यजमान. चेहरा चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात बसला पाहिजे, कारण खाली अक्षरं येणार आहेत.

अक्षरांची जागा मोजून ठरवा. तळाचे साधारण चारशे पिक्सेल चॅनेलचं नाव आणि मथळ्याने झाकले जातात, उजवीकडची पट्टी बटणांनी. त्यामुळे मजकूर छातीच्या रेषेला, मध्याच्या थोडा खाली ठेवा. एका वेळी तीन-चार शब्द, मोठे, मागे गडद पट्टी. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, विशेषतः बसमध्ये आणि पारावर, आणि त्यांच्यासाठी अक्षरं हीच क्लिप असते.

देवनागरीची खास अडचण जोडाक्षरांची. काही संपादन साधनांत वेलांटी उलट्या बाजूला जाते, "क्विंटल"चे तुकडे पडतात, "तुऱ्हाट्या" वाचता येत नाही. काम घेण्याआधी हे तीन-चार शब्द टाकून तपासा: क्विंटल, तुऱ्हाट्या, उगवणशक्ती, कृषी. प्रीमियर प्रोमध्ये अक्षरं मोडत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई भाषांचं निवडावं लागतं. फॉन्ट म्हणून मुक्ता किंवा बलू हे दोन्ही फुकट आणि मोबाइलवर स्वच्छ दिसणारे आहेत. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरू नका, दुसऱ्या साधनात ते नुसते चिन्हांचे ढीग होतात.

आपोआप तयार होणारा मजकूर घेतला तरी प्रत्येक शब्द वाचून काढा. चुका नेमक्या आकड्यांत आणि वाणांच्या नावांत होतात, आणि तिथेच त्या महाग पडतात. बोली मात्र सुधारू नका. पाहुणा "लै पाऊस झाला" म्हणाला तर "लै"च लिहा. "खूप पाऊस झाला" असं लिहिलं की ओठ एक बोलतात आणि अक्षरं दुसरं, आणि आपला माणूस आपल्यासारखा वाटत नाही.

शेवटी आवाज. आवाजाची पातळी एलयूएफएस या मापात मोजतात. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीवर खाली आणतं, पण हळू आवाज वर चढवून देत नाही. तो तुम्हालाच त्या पातळीला आणावा लागतो. तयार क्लिप साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू असताना ऐका. शब्द कळले तर पाठवा.

दर

आता हिशेब. माझ्या हाताला या मुलाखतीला असा वेळ लागतो. एकदा पूर्ण ऐकणं आणि पुन्हा जागा तपासणं, पावणेदोन तास. फाइलींची देवाणघेवाण आणि बोलणं, सव्वा तास. हे तीन तास दोन क्लिप केल्या तरी लागतात आणि आठ केल्या तरी लागतात. त्यानंतर प्रत्येक क्लिपला काप, चौकट, अक्षरं, आवाज आणि एक दुरुस्ती धरून सव्वा तास. तुमचे आकडे वेगळे असतील. पहिल्या दोन मुलाखतींना घड्याळ लावा आणि स्वतःचे लिहा.

तासाला १५० रुपये हातात पडावेत असं ठरवलं, आणि वीज, नेट, यंत्राची झीज यांपोटी भागाला ५० आणि क्लिपला २५ रुपये धरले. तर भागाचा पक्का खर्च ४५० अधिक ५०, म्हणजे ५००. क्लिपचा साधारण १८८ अधिक २५, म्हणजे २१३, तो २२५ धरा. आठ क्लिपचे ५०० अधिक १८००, एकूण २३०० रुपये. दोनच क्लिप हव्या असतील तर ५०० अधिक ४५०, म्हणजे ९५०.

नुसता क्लिपमागे दर सांगणारा फसतो तो इथेच. आठ क्लिपचा हिशेब करून "तीनशे रुपयाला एक" असं सांगितलं आणि ग्राहकाने पुढच्या भागाच्या दोनच मागितल्या, तर साडेपाच तासांच्या कामाचे सहाशे मिळतात. आणि शंभराला एक म्हणालात तर आठ क्लिपच्या तेरा तासांचे आठशे, म्हणजे तासाला साठच्या आसपास, तेही वीज-नेटचा खर्च न काढता. म्हणून दर दोन भागांत सांगा: भाग ऐकून जागा निवडण्याचे इतके, आणि प्रत्येक क्लिपचे इतके. ग्राहक म्हणाला, "ऐकण्याचे कशाला, आम्हीच वेळा देतो," तर आनंदाने ऐकण्याचे कमी करा, फक्त फाइलींच्या कामापुरते दोनशे ठेवा. अनेकदा महिनाभरात तोच फोन येतो, "तुम्हीच निवडा बाबा, आमच्यानं होईना."

क्लिप किती बघितली गेली त्यावर पैसे देऊ, अशीही बोली येते. सुरुवातीला ती टाळा. बघणाऱ्यांचा आकडा पाहुणा कोण, चॅनेल केवढं, क्लिप कधी टाकली यांवरही ठरतो आणि ते तुमच्या हातात नसतं. ग्राहकाला तोच आग्रह असेल तर वरचा दर कायम ठेवून त्यावर बक्षीस म्हणून ती अट घ्या.

मुदत

मुदतीची बोलणी करताना आधी विषयाचं घड्याळ बघा, मग आपलं. उगवण तपासायला आठवडा लागतो आणि मृग ७-८ जूनला निघतो. म्हणजे ही क्लिप मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेतकऱ्याच्या मोबाइलवर असली पाहिजे. २० जूनला दिलेली तीच क्लिप, कितीही सुंदर असली तरी, ग्राहकाच्या कामाची नाही. म्हणून भाग हातात आला की विचारा, यातलं काय तारखेला बांधलेलं आहे? ते आधी द्या. क्लासच्या शिक्षकाला परीक्षेची तारीख असते, कीर्तनकाराला एकादशी असते.

आपल्या मुलाखतीत आवाज १३ मेच्या संध्याकाळी आला असं धरा. १४ ला ऐकून दुपारपर्यंत वेळांची यादी पाठवली. तुकडे त्याच रात्री आले. तारखेला बांधलेल्या तीन क्लिप, म्हणजे उगवण, पेरणीचा पाऊस आणि पेरणीची खोली, या १६ च्या रात्रीपर्यंत. उरलेल्या पाच १९ पर्यंत. रोज चार तास हाताशी असतील तर हे निवांत बसतं आणि एक दिवस लाइट गेली तरी सावरतं. चोवीस तासांत आठ क्लिप देतो असं म्हणू नका. तेरा तासांचं काम आहे, आणि वळवाच्या पावसात रात्रभर वीज नसणं मेमध्ये नवं नाही. अगदीच घाई असेल तर त्या एका क्लिपचा दर दीडपट घ्या आणि बाकीच्या मागे सरकतील हे तेव्हाच सांगा.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती मुदत कधीपासून मोजायची यावर. ग्राहक चित्रीकरणाच्या दिवसापासून मोजतो, तुम्ही फाइल मिळाल्यापासून. तेव्हा काम सुरू करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर हे असं लिहून पाठवा आणि "ठीक आहे" असं उत्तर घ्या:

"सर, ठरल्याप्रमाणे: ८ क्लिप, प्रत्येकी ३० ते ९० सेकंद, अक्षरांसह. एकूण २३०० रुपये, निम्मे आधी, निम्मे शेवटच्या क्लिपसोबत. वेळ सगळे तुकडे माझ्याकडे येऊन उघडल्यापासून मोजू. पहिल्या ३ क्लिप ४८ तासांत, उरलेल्या ५ पुढच्या ३ दिवसांत. प्रत्येक क्लिपला एकदा दुरुस्ती, ती क्लिप मिळाल्यापासून २ दिवसांत सांगावी. दुसरी जागा निवडायची झाल्यास ती नवी क्लिप धरू. पाहुण्यांची परवानगी तुमच्याकडे. या क्लिप मी कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतो."

दुरुस्ती आणि नवी क्लिप यांतला फरक या निरोपात आहे आणि तो फार उपयोगी पडतो. शब्द चुकला, रंग नको, दोन सेकंद आधी कापा, ही दुरुस्ती. "हे नको, ते दुसरं घ्या" ही नवी क्लिप. अक्षरांतली तुमची स्वतःची चूक मात्र कधीही, कितीही वेळा, फुकट सुधारा.

आगाऊ रक्कम आल्याशिवाय निवड पाठवू नका, कारण वेळांची यादी हाती आली की कापायला दुसरा कुणीही चालतो. पहिल्या वेळी ग्राहकाला निम्मे द्यायला जड जात असेल तर निदान ऐकण्याचे पाचशे तरी घ्या. पैसे थकले तर पुढच्या भागाचा आवाज घेऊ नका. आधीच्या क्लिप अडवून धरण्यापेक्षा हे सोपं आणि संबंध टिकवणारं आहे.

क्लिप देताना एक काम जास्तीचं करा. शॉर्टच्या वर्णनात किंवा प्रतिक्रियेत टाकलेली लिंक ऑगस्ट २०२३ च्या अखेरपासून दाबली जात नाही, पण यूट्यूब स्टुडिओत शॉर्टला संबंधित व्हिडिओ जोडायची सोय आहे. मूळ मुलाखत तिथे जोडायला ग्राहकाला शिकवा, किंवा फोनवर बसून करून घ्या. क्लिप बघून किती जण सव्वा तासाच्या मुलाखतीकडे गेले हे मग त्यांना स्टुडिओत दिसतं, आणि तुमच्या कामाचा खरा हिशेब तोच आहे.

महिनाअखेरीस ग्राहकाकडून एकच चित्र मागवा: प्रत्येक शॉर्टवर लोक कितव्या सेकंदाला सोडून गेले त्याचा आलेख. पहिल्या तीन-चार सेकंदांत रेघ कोसळत असेल तर सुरुवात चुकीच्या वाक्यावर झालीय. मध्येच खड्डा असेल तर तिथे गाळायचं काहीतरी राहून गेलंय. पुढच्या भागाची वही उघडण्याआधी तो आलेख समोर ठेवा. आणि आधीच्या भागाचे मूळ तुकडे तीस दिवस सांभाळून मग पुसा, तशी कल्पना ग्राहकाला एक दिवस आधी देऊन.